चाळिसावा पट: सहा पेट्या, अठ्ठावीस दिवस

मी अमळनेरला घरीच शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत थोडे घागरे. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही आणि वीज गेली की मशीनची मोटर बंद. त्या तीन तासांत फोनवर सोकोबान खेळायची सवय जानेवारीत लागली. या एप्रिलमध्ये शेवटच्या पटावर मी अठ्ठावीस दिवस अडकून होते. वहीत रोजच्या नोंदी केल्या होत्या, त्यांवरूनच हे लिहिते आहे. कुणी अशाच पटापाशी बसलं असेल तर कुठे बघायचं एवढं तरी कळेल.

खेळ माहीत नसेल तर दोन ओळी. एक माणूस, काही पेट्या, तेवढीच खुणेची घरं. सगळ्या पेट्या खुणांवर न्यायच्या. माणूस पेटी ढकलू शकतो, ओढू शकत नाही. एका वेळी एकच पेटी ढकलता येते, दोन एकामागे एक असल्या तर हलत नाहीत. बस, एवढाच नियम. हिरोयुकी इमाबायाशी नावाच्या जपानी माणसाने 1981 मध्ये हा खेळ बनवला आणि पुढच्या वर्षी थिंकिंग रॅबिट कंपनीने तो विकायला आणला. सोको म्हणजे गोडाऊन आणि सोकोबान म्हणजे गोडाऊन सांभाळणारा. हा अर्थ मला फार उशिरा कळला. आधी कळला असता तर चार आठवडे वाचले असते, कारण माझ्या आप्पांची सगळी हयात चोपड्याला गोडाऊनमध्ये हमाली करण्यात गेली.

7 एप्रिल, सोमवार

एकोणचाळिसावा पट सुटला आणि चाळिसावा उघडला. या संचात हाच शेवटचा. उघडून हसूच आलं, कारण पेट्या सहाच. छत्तिसाव्यात अठरा होत्या. म्हटलं, चहा होईपर्यंत सुटेल.

डावीकडे पेट्यांचं मोठं दालन, मधे भिंत, भिंतीत एकच दार आणि दारापलीकडे छोटी खोली. खोलीत तीन ओळी. वरच्या ओळीत तीन खुणा, दारासमोरच्या मधल्या ओळीत तीन खुणा, खालची ओळ रिकामी. खोली अशी दिसते:

```
  #####
  #...#
 @$...#
  #   #
  #####
```

`#` म्हणजे भिंत, `.` म्हणजे खूण, `$` म्हणजे पेटी आणि `@` म्हणजे आपण. इथे पेटी दारात आहे आणि आपण तिच्या मागे. सोकोबानचे पट असेच अक्षरांत लिहितात. वहीत उतरवायला ही पद्धत फार बरी, चौकटी आखत बसावं लागत नाही.

8 ते 13 एप्रिल

रोज एकच गत. मी खोली आतल्या कोपऱ्यापासून भरत होते. पहिली पेटी दारातून सरळ आत, उजव्या भिंतीपर्यंत, मग खालून वर ढकलून वरच्या उजव्या कोपऱ्यात. दुसरी तिच्या खाली. म्हणजे उजवा स्तंभ झाला. मग मधला स्तंभ, तसाच. चार पेट्या सुरेख बसायच्या. पाचवी दारातून आत ढकलली की ती दारासमोरच्या डाव्या घरावर यायची आणि तिथेच ठप्प. मी दारात, पेटी माझ्यासमोर, आत जायला वाट नाही. तिच्या वरचं खुणेचं घर रिकामं, पण तिला वर ढकलायचं तर मला तिच्या खाली उभं राहायला हवं.

मग मी काय करायचे? पाचवी पेटी आणताना वेगळी युक्ती. कधी तिला थोडं थांबवून, कधी सहावी आधी आणून. दहा तारखेला तर चौथ्या पेटीपर्यंतचा डाव तसाच ठेवून पाचवीचे एकवीस प्रयोग केले. एकवीस! नोंद आहे. सगळे शेवटच्या दोन पेट्यांचे, कारण अडचण तिथे दिसत होती.

अ‍ॅपमध्ये एका जाहिरातीच्या बदल्यात एक सूचना मिळते. तीन जाहिराती बघितल्या. सूचना म्हणजे पुढची एक चाल दाखवणार, पण डाव आधीच मेलेला असेल तर तिथे नुसतं लिहून येतं की सूचना उपलब्ध नाही. मला वाटलं नेट गेलं. पूर्ण उत्तराला 79 रुपये मागत होते. एका ब्लाऊजची निम्मी शिलाई. नाही दिले.

14 एप्रिल, सोमवार

जयंतीची मिरवणूक होती, दुपारी रस्ता बंद, म्हणून सलग बसले. आज पहिल्यांदा उलटं बघितलं. अडकलेल्या जागेवरून एकेक चाल मागे घेत गेले आणि प्रत्येक पेटीनंतर एकच प्रश्न विचारला, की वरच्या डाव्या घरात पेटी जाऊ शकते का?

चार पेट्या असताना? नाही. तीन असताना? नाही. दोन असताना, नुसता उजवा स्तंभ भरलेला, बाकी खोली रिकामी. तरीही नाही! एकच पेटी, वरच्या उजव्या कोपऱ्यात, असताना मात्र जाऊ शकते.

म्हणजे डाव दुसऱ्याच पेटीला मरत होता आणि मला ते पाचव्या पेटीला कळत होतं. मधल्या दोन पेट्या मी मढ्याला न्हाऊ घालत होते. खेळ काही सांगत नाही. पेट्या हलत राहतात, पावलं मोजली जातात, सगळं चालू असल्यासारखं दिसतं. जोसेफ कल्बरसन या कॅनडातल्या संगणकशास्त्रज्ञाने 1997 मध्ये दाखवून दिलं आहे, की दिलेला सोकोबानचा पट सुटू शकतो का, हा प्रश्नच गणिताच्या दृष्टीने अतिशय अवघड जातीचा आहे. कुठल्याही पटाला झटपट लावून बघावी अशी चाचणी कुणाकडे नाही. तेव्हा मला न कळण्यात फारसं नवल नव्हतं. पण ते तेव्हा माहीत नव्हतं, तेव्हा नुसता संताप आला.

का नाही जात, हे मात्र आज कळलं नाही. फक्त जात नाही एवढंच कळलं.

17 एप्रिल, गुरुवार

पारा त्रेचाळीसच्या वर. माठाला ओलं फडकं गुंडाळलं. वहीत खोली पन्नास वेळा काढली असेल. उजवा स्तंभ सोडून मधला आधी भरून बघितला, तर उजवीकडे काहीच जाईना. डावा आधी भरावा तर दारच बंद. डोकं उठलं.

20 एप्रिल, रविवार

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. एका नवरीच्या आत्याच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. हात मशीनवर आणि डोकं दारात अडकलेल्या पेटीपाशी. उसवून परत जोडायला दीड तास गेला, अस्तराचं कापड जरा ताणलं गेलं ते वेगळंच. हे रात्री म्हणाले, "आता तो खेळ काढून टाक, आखाजीच्या ऑर्डरी आहेत." काढून टाकला नाही, पण फोन लेकीच्या दप्तरात ठेवला.

21 ते 28 एप्रिल

खेळले नाही. आखाजीपर्यंत चौदा ब्लाऊज द्यायचे होते. दिले.

एक गोष्ट मात्र झाली. उसवताना धागा कुठून ओढायचा हे आपण शिवण कशी घातली त्यावरून ठरवतो. शेवटची शिवण आधी निघते. बाह्या लावल्या त्या आधी निघणार, खांद्याची जोड नंतर. हे दर वेळचंच, पण या आठवड्यात ते उगीच डोक्यात घोळत राहिलं.

30 एप्रिल, बुधवार. आखाजी

मंगळवारी दुपारच्या बसने लेकीला घेऊन माहेरी आले होते. सकाळी पितरांची घागर पुजली, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस. पोरीबाळी लिंबाच्या झोक्यावर. जेवण झाल्यावर आप्पा ओट्यावर बाजेवर आडवे झाले आणि मी त्यांच्या पायाशी बसून फोन काढला. नऊ दिवसांनी.

आप्पांना फोनमधलं काही कळत नाही, पण ते बघत होते. मी उजव्या कोपऱ्यात पहिली पेटी लावली. दुसरी तिच्याखाली लावायला दारातून आत आणली, तर ते उठून बसले.

"आशी नही भरतस बेटा."

मी म्हटलं, "आप्पा, मागची भिंत आधी भरायची ना? गोडाऊन असंच भरतात."

"मांगली भीत भरी टाकी. मंग तू फिरशी कथाईन?"

तू वळणार कुठून? मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी बोटाने बाजेच्या नवारीवर काढून दाखवलं. गोडाऊनचं दार मधे असलं तर दारासमोर सरळ गल्ली सोडतात. थप्पी आधी गल्लीच्या बाजूला लावतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गल्ली सगळ्यात शेवटी भरायची, तीही आतून बाहेर येत येत. पाठीवर पोतं घेतलेला माणूस वळायला जागा मागतो. मागची भिंत दारासमोरही भरून टाकली तर पुढच्या माणसाला आत जाऊन वळताच येत नाही, त्याला आल्या तोंडी पोतं टाकावं लागतं. मग थप्पी वाकडी बसते आणि मुकादम शिव्या घालतो.

दारासमोरची ओळ म्हणजे गल्ली. वरची ओळ म्हणजे बाजूची थप्पी. मी स्तंभ भरत होते, भरायच्या होत्या ओळी.

आता का ते सांगते, कारण चौदा तारखेपासून हेच हवं होतं. वरच्या डाव्या घरात पेटी जायची तर ती थेट जात नाही. दारातून आलेली पेटी डाव्या घरावर असते तेव्हा मी दारात असते, खाली जाऊ शकत नाही. म्हणून तिला एक घर पुढे, मधल्या घरावर न्यायची. आता माझ्या बाजूने खालच्या ओळीत उतरता येतं. खालून फिरून पेटीच्या पलीकडे, म्हणजे दारासमोरच्या ओळीच्या उजव्या घरावर जायचं आणि तिला उलट डावीकडे ढकलायची. मग परत खालून येऊन वर. वळायला लागणारं ते उजवं घर मी दुसऱ्याच पेटीने भरून टाकत होते. वरच्या कोपऱ्यातली पेटी तिच्या डोक्यावर, त्यामुळे दुसरी पेटी तिथून हलवताही येत नाही. एवढंच.

पेटी दारात असताना सुरू केलं तर चाली अशा:

```
RRdrruLdlU
```

मोठं अक्षर म्हणजे पेटी ढकलली, छोटं म्हणजे नुसतं चाललो. `R` उजवीकडे, `L` डावीकडे, `U` वर, `D` खाली. दहा चाली, त्यांतल्या ढकलण्या चारच. बाकी सहा पावलं नुसती वळण्यासाठी. वरच्या खोलीच्या चित्रावर बोट ठेवून करून बघा, पेटी वरच्या डाव्या घरात जाते आणि आपण दाराच्या तोंडाशी, बाहेर पडायला मोकळे.

वरच्या तीन पेट्या कुठल्याही क्रमाने लागतात. मग गल्लीत उजवी, मधली, डावी. मी रात्री आईच्या शेजारी पडून पाच पेट्या लावल्या. सहावी सकाळी.

1 मे, गुरुवार

सहावी नाही लागली.

हे जरा नीट सांगावं लागेल. ही सहावी पेटी सुरुवातीला दालनात ऐन दाराच्या ओळीत, डाव्या भिंतीपासून तिसऱ्या घरात उभी असते. ती तिथे आहे तोवर बाकीच्यांना दाराच्या ओळीत आणताच येत नाही. तिलाच आधी आत न्यावी, तर तिच्या डाव्या बाजूला जायची वाट दुसऱ्या दोन पेट्यांनी बंद केलेली. तिला हलवायच्या दोनच तऱ्हा होत्या, खालून वर किंवा उजवीकडून डावीकडे. डावीकडे म्हणजे दारापासून लांब, मागच्या भिंतीकडे. कोण ढकलेल? मी सात तारखेपासून तिला वर ढकलत आले होते. एक घर वर ठेवली तर ती दुसऱ्या पेट्यांच्या रांगेत घुसून रांग बंद करायची, म्हणून दोन घरं, थेट वरच्या भिंतीला टेकवून.

आता भिंतीला टेकलेली पेटी मेली, हे चौथ्या-पाचव्या पटातच शिकले होते. भिंतीत उभं राहून तिला खाली कोण ढकलणार? पण या पटात त्या भिंतीत बरोबर त्याच जागी एक कोनाडा होता, एका घराचा:

```
  ###
### ####
#  $   #
#  @   #
```

मला वाटायचं, कोनाडा त्याचसाठी दिला आहे. शेवटी कोनाड्यात शिरायचं आणि पेटी खाली ढकलायची. तीन आठवडे मी ती पेटी तिथे ठेवत आले आणि एकदाही तपासून बघितलं नाही, कारण डाव पाचव्या पेटीच्या पुढे कधी गेलाच नव्हता.

आज गेला. पाच पेट्या खोलीत, दालन मोकळं, मी कोनाड्याच्या समोर. आणि कोनाड्यात जायची वाट म्हणजे पेटी उभी आहे तेच घर.

पेटी बाजूला सरकवून कोनाड्यात शिरता येतं, पण मग पेटी कोनाड्यासमोर नाही. पेटी कोनाड्यासमोर आणायची तर मी बाहेर. दोन्ही एका वेळी होणं नाही. आमच्या जुन्या घरातल्या देवळीसारखा तो कोनाडा, दिवा ठेवायला ठीक. ज्याने पट बनवला त्याने तो फसवायलाच ठेवला होता, असं आता वाटतं.

दुपारच्या बसने अमळनेरला परत आले. लेक विचारत होती काय झालं म्हणून. काय सांगणार, पेटी कोनाड्यात अडकली?

2 आणि 3 मे

79 रुपये भरायचं जवळजवळ ठरवलं होतं. मग ते उसवणं आठवलं. पट शेवटून का उसवू नये?

फोनवर ते होत नाही, खेळ ओढू देत नाही. म्हणून मागच्या खोलीतल्या फरशीवर टेलरिंगच्या खडूने पूर्ण पट आखला, एका घराला साधारण चार बोटं. पेट्या म्हणजे सहा चिंचोके, माणूस म्हणजे पाचाचं नाणं. सहाही चिंचोके खोलीतल्या खुणांवर ठेवले, नाणं दारात. आता नियम उलटा, ढकलायचं नाही, ओढायचं. नाणं एक घर मागे सरकतं आणि त्याच्या पुढ्यातला चिंचोका त्याच्या मागोमाग नाण्याच्या सोडलेल्या घरात येतो. ओढून जी जागा गाठता येते, तिथून ढकलून परत जाता येतं. जी गाठता येत नाही तिथे पेटी कधी ठेवायचीच नाही.

पहिला निघाला गल्लीतला दाराजवळचा, तोच शेवटी जाणार. दारातून सरळ डावीकडे ओढत नेला. नाणं पुढे, चिंचोका मागे. नाणं मागच्या भिंतीला टेकलं आणि थांबलं, तर चिंचोका भिंतीपासून दुसऱ्या घरात. भिंतीला टेकलाच नाही. टेकूच शकत नाही, कारण त्याच्या आणि भिंतीच्या मधे नाणं असतं.

मी बराच वेळ त्या दुसऱ्या घराकडे बघत बसले. सहावी पेटी सुरुवातीला तिसऱ्या घरात असते. म्हणजे तिला डावीकडे ढकलायची, पण एकच घर. दोन ढकलली तर भिंतीला चिकटून मेली. एक ढकलली तर मागे एक घर उरतं, शेवटी तिथे उभं राहून तिला परत सरळ दारात नेता येईल. तोवर ती दाराच्या ओळीतच, पण सगळ्यांच्या मागे. बाकीच्या पाच तिच्यापुढे ओळीत उतरतात, त्यांच्या मागे उभं राहायला मला तिसरं घर मोकळं मिळतं.

खात्री करायला कोनाडाही उसवून बघितला. चिंचोका भिंतीच्या खाली एक घर सोडून, नाणं त्याच्या वर. नाणं कोनाड्यात सरकवलं, चिंचोका मागोमाग कोनाड्याच्या तोंडाशी. म्हटलं, अरे, आला की इथे! मग नाणं बाहेर काढायला गेले तर काढता येईना. चिंचोक्याने तोंड बंद केलेलं आणि पाचाचं नाणं आत. म्हणजे ती जागा खरी आहे, पण खेळ सुरू होतानाच माणूस कोनाड्यात असेल तरच. आपला माणूस तर खाली, दाराजवळ. याची नोंद वहीत ठळक केली आहे: उलट्या खेळात पेटी कुठे पोचली एवढंच बघू नका, माणूस कुठे उरला तेही बघा.

शनिवारी संध्याकाळी लेकीने नियम न समजताच दोन चिंचोके फोडून खाल्ले. नवे घेतले.

4 मे, रविवार

दुपारी पावणेदोनला वीज गेली. फोन 31 टक्के. बसले.

पहिली ढकलणी डावीकडे, एक घर. हात क्षणभर थांबला, इतक्या दिवसांची सवय. मग दालन अचानक मोठं वाटायला लागलं. पहिली पेटी आत, खालून वळून वरच्या डाव्या घरात. तीच आधी लावली, अवघड आहे म्हणून. दुसरी वर मधे, तिसरी वर उजवीकडे. तिसरीला उगाच घाई केली आणि वर न ढकलता गल्लीतच सोडून बाहेर आले, लक्षात आल्यावर चार चाली मागे घेतल्या. चौथी गल्लीच्या टोकाला. पाचवी तिच्या मागे.

सहावीकडे जाताना खालच्या बोळातून गेले. पहिल्या दिवशी तो दोन पेट्यांनी बंद होता, आता सताड उघडा. भिंत आणि पेटी यांच्यामधल्या त्या एका घरात शिरले आणि सरळ उजवीकडे ढकलत निघाले. वळायचं नाही, थांबायचं नाही. पेटी दारातून आत गेली, शेवटच्या खुणेवर बसली. 2 वाजून 20 मिनिटं झाली होती. पडद्यावर आकडे आले, पावलं 391, ढकलण्या 78. मग पटांची यादी परत आली, चाळिसाव्यासमोर हिरवी खूण. बाकी काही नाही. खालच्या बाजूला साबणाची जाहिरात.

एकूण खर्च: वही 30 रुपये, बाह्या उसवण्यात गेलेला दीड तास, ताणलेल्या अस्तरापायी त्या आत्याबाईंना कमी केलेले 50 रुपये. खडू आणि चिंचोके घरचे.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. म्हटलं, तुम्ही सांगितली तशी गल्ली शेवटी भरली, सहाही पोती लागली. त्यांनी विचारलं, शेवटी तू कुठे होतीस? मी म्हटलं, दारात. बाहेरच्या अंगाला.

"मंग कुलूप लाई दिधं का?" म्हणाले.